रात्री पाऊण वाजता लोहगावला उतरणाऱ्या आई-बाबांसाठी कोणती गाडी?

प्रश्न: आई-बाबा दिल्लीहून येताहेत, विमान रात्री १२:५० ला पुण्यात उतरतं. कोथरूडला घरी जायचंय. तीन बॅगा आहेत, बाबांचे गुडघे दुखतात, दोघांनाही अ‍ॅप फारसं जमत नाही आणि मी बेंगळुरूत असतो. प्रीपेड टॅक्सी बरी, मी इथून ओला-उबर करून देऊ, की आधीच गाडी सांगून ठेवू?

उत्तर: आधीच गाडी सांगून ठेवा. ऐनवेळी ती फसली तर प्रीपेड काउंटर. अ‍ॅपवरची कॅब तुमच्या बाबतीत तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. ती वाईट असते असं नाही. पण बेंगळुरूत बसून पुण्यातल्या दोन ज्येष्ठांसाठी रात्री दीड वाजता ती जुळवून आणणं फार कठीण जातं. मी पुण्यात कंपन्यांच्या ट्रान्सपोर्ट डेस्कचं काम करतो. रात्रीच्या विमानांना गाड्या लावणं हे रोजचंच, त्यामुळे गाडी कुठे अडते ते जवळून पाहिलंय.

सुरुवात एरोमॉलपासून करतो, कारण तुमचा निम्मा निर्णय तिथेच होतो. पुण्यात अ‍ॅपची कॅब टर्मिनलच्या दारात येत नाही. विमानतळासमोर एरोमॉल नावाची बहुमजली पार्किंगची इमारत आहे, तिथून ती घ्यावी लागते. नवीन टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं आणि तिथून बाहेर पडल्यावर एरोमॉलपर्यंत सामान घेऊन चालावं लागतं. सडाफटिंग माणसाला ते अंतर काहीच नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीन बॅगांसह, झोपेच्या वेळी, ते बरंच आहे. ज्येष्ठांसाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात, पण दोन-तीन विमानं पाठोपाठ उतरली की त्यांच्यासाठीही थांबावं लागतं. आणि रात्री विमानं पाठोपाठच उतरतात. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, दिवसा त्यांची उड्डाणं असतात, म्हणून प्रवासी विमानांना मिळणाऱ्या वेळा मर्यादित राहतात आणि बरीच विमानं उशिरा रात्री येतात. त्यामुळे एक वाजता विमानतळ सामसूम असेल असं समजू नका.

व्हीलचेअर तिकिटावर आजच मागून घ्या, बाबांना ती लागत नसली तरी. विमानाच्या दारापासून बॅगांच्या पट्ट्यापर्यंत आणि तिथून टर्मिनलच्या बाहेर ती सोबत असते, शिवाय सोबतचा कर्मचारी बॅगा उतरवायला मदत करतो. मात्र तो एरोमॉलच्या आत, गाडीपर्यंत येईलच असं गृहीत धरू नका. म्हणजे अ‍ॅपची कॅब केली तर चालण्याचा जो टप्पा सगळ्यात त्रासाचा, नेमका तोच बाबांच्या वाट्याला येऊ शकतो.

आता अ‍ॅपवरचा चालक काय विचार करतो ते सांगतो. ते कळलं की कॅब रद्द का होते याचं नवल वाटत नाही. विमानतळावर कॅबवाल्यांचा अ‍ॅपमध्ये नंबर लागलेला असतो. आधी आलेल्याला आधी भाडं. कधी कधी तासभर थांबल्यावर त्याला एक भाडं मिळतं. ते विमाननगर किंवा कल्याणीनगरचं निघालं तर तासाभराची कमाई दहा मिनिटांच्या फेरीत संपते, म्हणून जवळचं भाडं त्याला नको असतं. कोथरूड लांब आहे, तेव्हा ते त्याला आवडायला हवं. पण रात्री दोन वाजता कोथरूडहून परतीचं भाडं मिळत नाही. त्याचं घर वारजे, कात्रज, धायरीकडे असेल तर तो खुशीत येतो, घरी जाता जाता शेवटचं भाडं झालं म्हणून. त्याला पुन्हा विमानतळावर रांगेत यायचं असेल तर सतराएक किलोमीटर रिकामी गाडी परत आणायची असते. म्हणूनच फोन येतो, “कुठं जायचंय? कॅश का ऑनलाइन?” या दोन प्रश्नांच्या उत्तरावर तो येणार की नाही हे ठरतं. कधी तो सरळ रद्द करतो, कधी तुम्हीच रद्द करावं म्हणून जागचा हलत नाही.

नकाशावर गाडीचं चिन्ह चार-पाच मिनिटं एकाच जागी असेल आणि वेळ मात्र “३ मिनिटं” दाखवत राहिली, तर तो येत नाहीये असं समजा. प्रवासी जागेवर उभा असेल तर हे त्याच्या लगेच लक्षात येतं. तुमच्या प्रकरणात मात्र फोन बेंगळुरूत तुम्हाला येणार, गाडीच्या सुरुवातीचा चार आकडी ओटीपी तुमच्या मोबाइलवर असणार आणि आई-बाबा एरोमॉलमध्ये कोणत्या मजल्यावर, कोणत्या खांबापाशी उभे आहेत हे तुम्हाला ठाऊक नसणार. इमारतीच्या आत जीपीएस नीट चालत नाही, त्यामुळे चालकाला दिसणारं ठिकाण आणि आई-बाबांची जागा यांत मजल्याचाही फरक पडतो. अ‍ॅपमध्ये दुसऱ्यासाठी गाडी करायची सोय असते. ती वापरली तर चालक थेट बाबांना फोन करतो. पण तो एकदा आला नाही तर पुन्हा सगळं तुम्हालाच करावं लागतं, आणि तेवढा वेळ ते दोघं तिथे उभेच.

भाड्याचं भांडणही डोक्यात ठेवा. पुण्याच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने, म्हणजे आरटीएने, जानेवारी २०२४ पासून वातानुकूलित टॅक्सीसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरवला. अ‍ॅपचं भाडं मागणीनुसार हलतं आणि पुष्कळदा या दरापेक्षा कमी दिसतं, म्हणून २०२५ पासून बरेच चालक “अ‍ॅपचं नाही, मीटरप्रमाणे द्या” म्हणू लागले. कोथरूडचं अंतर १७ किलोमीटर धरलं तर हिशोब असा: दीड किलोमीटरचे ३७, उरलेल्या साडेपंधराचे ३८७ रुपये ५० पैसे, एकूण साधारण ४२५ रुपये. वर पार्किंगचे पैसे निघाले तर ते वेगळे. हा आकडा बाबांना सांगून ठेवा. अ‍ॅपवर ३४० दिसले आणि चालकाने सव्वाचारशे मागितले तर तो लुबाडत नाहीये, सरकारी दर मागतोय. पण सातशे-आठशे मागितले तर तो दर कुठलाच नाही. मला वाटतं हा वाद बसण्याआधी, गाडीबाहेर उभं राहूनच मिटवावा. बॅगा डिकीत गेल्या की प्रवाशाच्या हातात काही उरत नाही, आणि हे चालकालाही ठाऊक असतं.

प्रीपेडचं गणित सरळ आहे. काउंटरवर ठिकाण सांगायचं, पैसे तिथेच भरायचे, पावती घ्यायची. पावतीवर गाडीचा नंबर आणि उतरायचं ठिकाण लिहिलेलं आहे का ते खिडकीपाशीच वाचायचं. “कोथरूड” एवढंच लिहू देऊ नका, कारण कोथरूड डेपो, महात्मा सोसायटी आणि कर्वे पुतळा यांच्यात बरंच अंतर आहे आणि “हे तर कोथरूडच्या पुढे आलं” हा वाद तिथूनच सुरू होतो. घराजवळची ठळक खूण लिहून घ्यावी. पावतीची चालकाला द्यायची प्रत घरी पोहोचल्यावर, बॅगा उतरल्यावरच द्यावी. प्रीपेडचा मोठा फायदा असा की चालकाला रद्द करायला काही उरत नाही आणि आई-बाबांना मोबाइल काढावा लागत नाही. तोटा असा की रात्री गर्दीत गाड्या कमी पडल्या तर काउंटरवर थांबावं लागतं, आणि खिडकीवर बसलेला माणूस कधी कधी मोठी गाडी खपवायला बघतो. दोन माणसं आणि तीन बॅगांना साधी सेडान पुरते. मात्र डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिसरी बॅग पुढच्या सीटवर ठेवावी लागते. पुण्यातल्या बहुतेक कॅब सीएनजीवरच चालतात, त्यामुळे गाडी घेताना “सीएनजी आहे का, डिकी रिकामी आहे का” हे विचारायलाच हवं, गाडी कुठलीही घ्या.

टर्मिनलच्या बाहेर “टॅक्सी, सर? कोथरूड?” करत जवळ येणारा माणूस टाळावा हे तुम्ही आई-बाबांना सांगालच. त्यांना एक साधी खूण द्या. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते आणि अक्षरं काळी. इलेक्ट्रिक असेल तर पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. तिला भाडं घ्यायची परवानगी नाही आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न निर्माण होतो.

आता आधी सांगून ठेवायची गाडी. यात पैसे थोडे जास्त जातात, पण तिथे एक माणूस आई-बाबांची वाट बघत असतो. तो चालक गाडी पार्किंगला लावून आगमनाच्या दारापाशी नावाची पाटी घेऊन उभा राहू शकतो, बॅगांची ट्रॉली ढकलू शकतो आणि बाबांना हळूहळू घेऊन जाऊ शकतो. ते तो करेल का, हे मात्र बुकिंग करताना स्पष्ट ठरवावं लागतं. “पिकअप आहे” एवढं म्हटलं तर चालक एरोमॉलमध्ये बसून फोन करतो, “सर, या इकडे.” तुम्ही म्हणा, “चालकाने दाराशी नावाची पाटी घेऊन यायचं, वडील व्हीलचेअरवर असतील, गाडी कुठे लागणार आणि तिथपर्यंत कसं न्यायचं ते आधी सांगा.” ज्याला हे काम नीट येतं तो ट्रॅव्हल्सवाला तुम्हाला लगेच उत्तर देतो. जो “होऊन जाईल सर” म्हणतो, त्याला सोडून दुसरा बघा.

भाडं ठरवताना विचारायचं, “पॉइंट टू पॉइंट की गॅरेज टू गॅरेज?” गॅरेज टू गॅरेजमध्ये गाडी तिच्या जागेवरून निघाल्यापासून परत जाईपर्यंतचे किलोमीटर आणि तास मोजतात. “४ तास ४० किलोमीटर” या पॅकेजमध्ये हे हमखास असतं. गाडी हडपसरहून निघाली तर हडपसर ते लोहगाव, लोहगाव ते कोथरूड, कोथरूड ते हडपसर असं सगळं मिळून चाळीसच्या वर जाऊ शकतं आणि सकाळी बिलात वाढीव किलोमीटर दिसतात. तुम्हाला पॉइंट टू पॉइंट, ठरलेली रक्कम हवी. पार्किंग, रात्रीचा चालक भत्ता आणि थांबण्याचे पैसे त्यात धरलेत की वेगळे, तेही विचारा. हे तीनही धरून एक आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

या व्यवहारातली एक गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. तुम्ही ज्याला गाडी सांगता, त्याच्याकडे त्या रात्री गाडी नसेल तर तो ती ड्यूटी दुसऱ्याला देतो. दुसरा तिसऱ्याला देतो. चालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर “लोहगाव ते कोथरूड, रात्री १, सेडान, कोण?” असा मेसेज फिरतो. प्रत्येक हातात थोडे पैसे कापले जातात आणि शेवटी जो चालक येतो त्याच्या हातात इतकं कमी पडतं की तो तरी काय करणार, प्रवाशाकडे “पार्किंगचे वेगळे” मागतो. आमच्याकडे एकदा एका वयस्कर पाहुण्यांना नेमकं हेच झालं. मेसेजमध्ये एमएच १२ ची पांढरी सेडान होती, आली एमएच १४ ची हॅचबॅक. चालकाला ना पाहुण्यांचं नाव माहीत, ना पैसे भरल्याचं. त्याला विचारलं तर ड्यूटी कुणाकडून आली हेसुद्धा त्याला नीट सांगता येईना. पाहुणे पंचवीस मिनिटं उभे राहिले. तेव्हापासून मी ड्यूटी दुसऱ्याला दिली तर आधी कळवायचं, अशी अट घालतो आणि ती पाळली जाते का ते रात्री नऊ वाजता तपासतो.

नऊ वाजताची ती तपासणी तुम्हीही करा. तोवर चालकाचं नाव, फोन आणि गाडीचा नंबर तुमच्याकडे यायला हवा. “डिटेल्स पाठवतो” असं अकरा वाजताही ऐकू आलं तर गाडी अजून लागलेलीच नाही असा सरळ अर्थ काढा आणि दुसरी सोय बघायला लागा. नंबर आला की चालकाला एकदा फोन करा. “पोहोचाल ना?” असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. “या आधीची ड्यूटी कुठे आहे आणि किती वाजता सुटते?” हे विचारा. आधीची ड्यूटी मुंबईची असेल आणि साडेदहाला सुटत असेल तर द्रुतगती मार्गावर एक अपघात झाला की तो वेळेत येत नाही. चालकाची ती दिवसातली कितवी ड्यूटी आहे हेही त्याच्या आवाजावरून कळतं. सकाळी सहापासून गाडी चालवणाऱ्या माणसाच्या गाडीत मी कुणाचेही आई-वडील बसवणार नाही.

वेळ कशी धरायची ते तुमच्या विमानावरच मांडतो. १२:५० ला चाकं टेकली तर विमान जागेवर येऊन दार उघडेपर्यंत एक वाजून पाच होतात. व्हीलचेअरचे प्रवासी सगळ्यात शेवटी उतरतात, म्हणजे सव्वा. बॅगा येईपर्यंत १:३०, दाराबाहेर १:३५ ते १:४०. ट्रॅव्हल्सवाले थांबण्याचे पैसे दिलेल्या वेळेपासून मोजतात, म्हणून पिकअपची वेळ १२:५० न लिहिता १:१५ लिहा आणि सोबत विमानाचा क्रमांक द्या. दिल्ली-पुणे उड्डाणाला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात विमान तास-दोन तास अडकणं नेहमीचं. चालकाला वेळापत्रकावरून बोलावू नका, विमान दिल्लीहून खरोखर उडालं की त्याला कळवा. तोपर्यंत त्याला घरी झोपू द्या, त्यात तुमचाच फायदा आहे. दीड वाजून गेल्यावरही चालक “पाच मिनिटांत पोहोचतो” म्हणत असेल तर विचारा, “आत्ता कुठल्या चौकात आहात?” गुंजन चौक किंवा ५०९ चौक सांगितला तर थांबा. नीट सांगता आलं नाही तर बाबांना प्रीपेडच्या खिडकीकडे जायला सांगा. यासाठी आईच्या पर्समध्ये हजार रुपये सुट्ट्या नोटांत आधीच असू द्या. मध्यरात्री यूपीआय अडकलं की ते सोडवायला वेळ लागतो.

मेट्रोचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. जवळचं स्थानक रामवाडी आहे, विमानतळापासून काही किलोमीटरवर, आणि मेट्रो रात्री ११ च्या सुमारास थांबते. रिक्षा तीन बॅगांसह इतक्या लांब नको. शिवाय रिक्षाचं रात्री १२ ते ५ भाडं २५ टक्के जास्त असतं.

रस्ता रात्री मोकळा असतो. येरवडा, संगमवाडी, संचेती, जंगली महाराज रस्ता, डेक्कन, कर्वे रस्ता, नळस्टॉप असा सरळ मार्ग आहे आणि अर्ध्या-पाऊण तासात घर येतं. नगर रस्त्यावर रात्री ट्रक असतात, तिथे चालकाला घाई करायला लावू नका. गाडी निघाली की आईला एक मिस कॉल द्यायला सांगा. तुमच्या नकाशावर त्यांचं लाइव्ह लोकेशन असेल तर आणखी बरं, पण बाबांच्या फोनची बॅटरी दिल्लीहून निघाल्यापासून उतरलेली असणार, त्यामुळे पॉवर बँक हातातल्या पिशवीत हवी, चेक-इनच्या बॅगेत नको. चेक-इन सामानात तिला परवानगीही नसते.

सोसायटीच्या गेटचं आधी बघून ठेवा. बऱ्याच सोसायट्यांत रात्री अकरानंतर बाहेरची गाडी आत सोडायला रहिवाशाची परवानगी लागते आणि ती विचारणारा फोन तुमच्याच आई-बाबांच्या बंद घरी वाजणार. वॉचमनला संध्याकाळीच गाडीचा नंबर कळवा, म्हणजे गाडी लिफ्टच्या दारापर्यंत जाईल आणि तिन्ही बॅगा चालकच उतरवून देईल. चालकाला बॅगा वर नेऊन द्यायला सांगायचं असेल तर त्याचे पन्नास-शंभर रुपये वेगळे द्या, आणि तेही बुकिंगच्या वेळीच बोलून ठेवा.